रंगाचा शेजार

आंरी मातीसने १९०५ साली आपल्या पत्नीचं, आमेलीचं, एक छोटं व्यक्तिचित्र रंगवलं. ते आज कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. उंची जेमतेम ४० सेंटिमीटर. कपाळावरून निघून नाकाच्या दांडीवरून खाली उतरणारा एक जाड हिरवा पट्टा या चेहऱ्याचे दोन भाग करतो, आणि चित्र त्या पट्ट्याच्याच नावाने ओळखलं जातं. माणसाच्या नाकावर हिरवा रंग कुठून आला, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. ‘चित्रकाराची भावना’ हे त्याचं नेहमीचं उत्तर मला पुरेसं वाटत नाही. हिरव्याला तिथे भावनेपेक्षा फार नेमकं काम आहे.

त्यासाठी थोडं मागे जायला हवं. १९०४च्या उन्हाळ्यात मातीस पॉल सिन्याकच्या सहवासात साँ-त्रोपे इथे होता. सिन्याकची रीत अशी, की रंग पॅलेटवर कालवायचे नाहीत. शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवायचे आणि मिसळण्याचं काम पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवायचं. मातीसने त्या रीतीने मोठं चित्र केलं, ते सिन्याकने विकतही घेतलं, पण मातीसचं समाधान झालं नाही. विरोधी रंगांचे बारीक ठिपके दुरून पाहिले, की ते एकमेकांना मारतात आणि डोळ्याला करडेपणा जाणवतो. म्हणजे ज्या झळाळीसाठी रंग वेगळे ठेवले, तीच अंतरावर हरवते.

पुढच्या उन्हाळ्यात, १९०५मध्ये, स्पेनच्या सीमेजवळच्या कोलिउर या मासेमारीच्या गावी मातीस आणि त्याच्याहून दहा वर्षांनी लहान असलेला आंद्रे देराँ एकत्र काम करत होते. तिथे त्यांनी ठिपका मोठा केला. ठिपक्याचा फटकारा झाला, फटकाऱ्याचा पट्टा. वरवर पाहता एवढंच घडलं, पण त्यातून सगळं बदललं. इतक्या मोठ्या आकाराचे रंग डोळ्यात मिसळत नाहीत. लाल लालच राहतो, हिरवा हिरवाच, आणि दोघे एकमेकांना विझवण्याऐवजी पेटवतात. मिसळणंच थांबलं म्हटल्यावर झाडाचा किंवा समुद्राचा ‘खरा’ रंग मिश्रणातून साधण्याची अटही उरली नाही.

रंग वस्तूपासून सुटण्याची सुरुवात त्याआधीच झाली होती, हे खरं. इम्प्रेशनिस्टांनी सावली जांभळी केली; पण ती तशी दिसते, असा त्यांचा दावा होता. गोगँने झाडाचा पिवळेपणा वाढवायला सांगितला. पण ते झाड आधी थोडं पिवळं दिसलेलं असे. दोघांच्याही मागे कुठेतरी वस्तू साक्षीला उभी होती. मातीसच्या कोलिउरमधल्या उघड्या खिडकीच्या चित्रात ती साक्ष निघून जाते. खिडकीच्या डावीकडची भिंत निळसर हिरवी आहे आणि उजवीकडची झगझगीत गुलाबी. खोली एक, भिंतही एक. तिचे दोन रंग कोणत्याही उजेडाने समजावता येत नाहीत. गुलाबी तिथे आहे तो समोर हिरवा आहे म्हणून. रंगाचं कारण वस्तूत नाही, शेजारच्या रंगात आहे.

आता पुन्हा आमेलीच्या चेहऱ्याकडे येऊ. शासकीय चित्रकला परीक्षांना बसलेल्या आपल्याकडच्या प्रत्येकाला छायाप्रकाश ठाऊक असतो: उजेडाची बाजू फिकट, सावलीची गडद, आणि त्यातून गोलाई. मातीसने गडद-फिकटाचा हा आधार जवळपास काढून घेतला. आपल्या डावीकडचा गाल पिवळसर आहे, उजवीकडचा गुलाबी. डाव्या गालामागे जांभळट आणि नारिंगी पार्श्वभूमी आहे, उजव्यामागे हिरवी. म्हणजे पिवळ्याच्या पाठीशी जांभळा, गुलाबीच्या पाठीशी हिरवा: दोन्हीकडे विरोधी रंगांच्या जोड्या. मग या दोन्ही बाजू जिथे मिळतात, तिथे काय ठेवायचं? जुन्या रीतीत तिथे तपकिरी सावली आली असती. मातीसने हिरवा ठेवला. तो उजवीकडच्या हिरव्या पार्श्वभूमीला चेहऱ्याच्या मध्यावर ओढून आणतो, गुलाबी गालाला धार देतो आणि नाकाची दांडी पुढे काढतो. चित्राच्या छापील प्रतीवर बोटाने हा पट्टा झाकून पाहा. दोन गाल एकमेकांपासून सुटतात आणि चेहरा सैल पडतो. नाक घडवायला मातीसने हिरवा निवडला, याची खूण हीच, की तो काढला तर नाकच उरत नाही.

‘न मिसळलेला रंग’ हे वर्णनही जपून घ्यावं. मॉरिस व्लामँक ट्यूबमधला रंग जवळपास तसाच कॅनव्हासवर आणत असे. मातीस मात्र पांढरा भरपूर मिसळतो. खिडकीच्या चित्रातले अनेक गुलाबी आणि फिकट जांभळे तसेच झालेले आहेत. त्याने टाळलं ते रंग मळवणं, विरोधी रंगाने त्याची धार घालवणं. शिवाय कोलिउरच्या चित्रांत फटकाऱ्यांमध्ये कोरा कॅनव्हास जागोजाग उघडा आहे. या पांढऱ्या फटींमुळे शेजारचे रंग एकमेकांत सांडत नाहीत.

१९०५च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या शरद प्रदर्शनात मातीस, देराँ, व्लामँक ही मंडळी एका दालनात एकत्र आली. त्याच दालनात एक पारंपरिक धाटणीचं शिल्प होतं. समीक्षक लुई वोक्सेलने लिहिलं, की हा तर श्वापदांच्या गराड्यात सापडलेला दोनातेल्लो. श्वापदांसाठीचा त्याचा फ्रेंच शब्द, ‘फोव्ह’, चिकटला आणि ‘फॉविझम’ हे नाव रूढ झालं. या नावाने एक गैरसमजही चिकटवला. हे लोक बेभान होते, हाताला येईल तो रंग फासत होते, असं त्यातून वाटत राहतं.

मातीसने १९०८च्या आपल्या टिपणात कामाची पद्धत सांगितली आहे, ती वाचली की हा समज टिकत नाही. खोली रंगवायची आहे आणि समोरचं कपाट त्याला झगझगीत लाल जाणवतं. तो समाधान देणारा लाल लावतो. त्या लालचं आणि कोऱ्या कॅनव्हासचं एक नातं जुळतं. मग शेजारी हिरवा येतो, जमिनीसाठी पिवळा येतो. प्रत्येक नवा रंग आधीच्यांचं बळ थोडं कमी करतो, म्हणून सगळे पुन्हा तोलावे लागतात. असं करता करता अशी वेळ येते, की सुरुवातीचे रंग बदलून संपूर्ण रंगसंगतीच दुसऱ्या सुरात लावावी लागते. वस्तूच्या दिसण्याला बांधलेला चित्रकार चुकला, तर वस्तूकडे पाहून दुरुस्ती करू शकतो. मातीसकडे ती सोय नव्हती. त्याला एक रंग बदलला की बाकीचे तपासावे लागत. फोव्हांची नक्कल फसते ती इथेच: सगळे रंग सारख्याच जोराने आणि सारख्याच मापात लावले जातात, आणि कुठलाच उठत नाही.

या तोलावर किती अवलंबून आहे, ते मातीसच्याच ‘जगण्याचा आनंद’ या १९०५-०६च्या मोठ्या चित्रात दिसतं. ते फिलाडेल्फियाच्या बार्न्स संग्रहात आहे. त्यातला कॅडमियम पिवळा टिकलेला नाही. मधल्या पहुडलेल्या आकृत्यांखालचा पिवळा हस्तिदंती झाला आहे, डावीकडच्या झाडोऱ्यातला तपकिरीकडे गेला आहे. कॅडमियम सल्फाइड प्रकाशात हळूहळू ऑक्सिडीकरण पावून रंगहीन संयुगांत बदलतं, हे रासायनिक तपासणीतून कळलं आहे. जुन्या निसर्गचित्रातलं गवत विटलं, तरी गवत म्हणून ओळखू येतं. इथे पिवळा गेला, तेव्हा त्याच्या शेजारच्या लालचा, हिरव्याचा, जांभळ्याचा जोरही बदलला. पुस्तकांत आणि भिंतीवर आज आपण जे चित्र पाहतो, ते मातीसने तोलून पुरं केलेलं चित्र नाही.