उरलेलं ऐकताना

बाबांच्या संग्रहात सतार-तबल्याची एक जुनी एलपी आहे. ती मी ९६ किलोहर्ट्झला संगणकावर उतरवून घेतली. पहिल्याच मिनिटात टक्, चट्, आणि मागे सतत बारीक खरखर. ऑडॅसिटीतलं `Click Removal` लावलं. त्यातला `Threshold` मुळात २०० असतो. आकडा उतरवला की चाळणी कडक होते. मी तो १००वर आणला. खरखर जवळजवळ गेली. मी खूश. बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, "छान झालंय रे, पण तबलजी जरा लांब जाऊन बसलाय."

हे तपासता येतं. मूळ ट्रॅकची प्रत घ्यायची, साफ केलेल्या ट्रॅकला `Invert` लावायचं आणि दोन्ही एकदम वाजवायचे. दोन्हींत जे सारखं आहे ते एकमेकांना खोडतं. उरतं ते फक्त आपण काढून टाकलेलं. त्या शिलकेत नुसती टकटक ऐकू यायला हवी होती. मला चक्क ठेका ऐकू आला. चाटेवरच्या प्रत्येक 'ना'चं टोक तिथे पडलेलं होतं.

प्रोग्रॅमचं फारसं चुकलं नव्हतं. आजूबाजूपेक्षा एकदम उसळलेला छोटा तुकडा तो शोधतो, काढतो आणि दोन्ही बाजू सांधतो. 'ना'ची सुरुवातही तशीच उसळते. फरक नंतर कळतो. आलेख मोठा करून पाहिला तर ओरखड्याचा सुळका येतो आणि लगेच संपतो, बोल मात्र मागे घुमत राहतो.

मग मी `Threshold` परत २००वर नेला. त्यातूनही सुटलेले मोठे टक् हाताने निवडून `Repair` लावलं. ते एका वेळी जास्तीत जास्त १२८ नमुने दुरुस्त करतं, म्हणजे या फाइलीत सुमारे १.३ मिलिसेकंद. बारीक खरखर तशीच ठेवली. ती काढायला गेलो तेव्हा तरफांच्या तारांचा झंकारही तिच्यासोबत जात होता.

प्रश्न खरा इथेच आहे. चुका दोन प्रकारच्या होतात. राहून गेलेला टक् कुणालाही ऐकू येतो. हे वाजवणाऱ्याचं नाही, हेही कळतं. बोथट झालेला 'ना' मात्र ऐकू येत नाही. नवा माणूस म्हणेल, तबलजीचा हातच मऊ असेल. म्हणजे माझी चूक मी दुसऱ्याच्या नावावर टाकली, आणि तो हरकत घ्यायला इथे नाही. बाबांना फरक कळला, कारण ती तबकडी त्यांच्या कानात आहे. माझ्या नंतरच्यांकडे फक्त माझी फाइल असेल.

म्हणून शंका आली की मी टक् राहू देतो. आणि न साफ केलेली फाइल त्याच फोल्डरमध्ये, साफ केलेलीच्या शेजारी ठेवतो.