नव्या थीममधली जुनी स्लाइड

पॉवरपॉइंटच्या ज्या आवृत्त्यांत `Reuse Slides` आहे, त्यांत जुन्या प्रेझेंटेशनमधली स्लाइड नव्यात आणायची, तर `New Slide` खालच्या बाणातून ते उघडायचं. उजवीकडे एक पट्टी येते, तिच्यात जुनी फाइल निवडली की तिच्या सगळ्या स्लाइड्स लहान चित्रांसारख्या दिसू लागतात. पट्टीच्या तळाशी एक चौकोन असतो, `Keep source formatting` असं लिहिलेला. तो रिकामा ठेवून स्लाइडवर क्लिक केलं, तर ती नव्या प्रेझेंटेशनची थीम घेऊन उतरते. त्यात बरोबरची खूण केली, तर ती जुन्या रंगरूपासकट येते आणि येताना आपला जुना स्लाइड मास्टरही घेऊन येते. चार ठिकाणांहून अशा स्लाइड्स गोळा केलेल्या फाइलमध्ये `View` मधून `Slide Master` उघडून पाहावं. `1_Office Theme`, `2_Office Theme` अशी मास्टरांची बिऱ्हाडं एकाखाली एक थाटलेली असतात.

म्हणून जिथे स्लाइड लायब्ररी सांभाळली जाते, तिथे एक सरळ नियम असतो: चौकोन रिकामा ठेवायचा, थीम नवीच घ्यायची. नियम बरोबर आहे. पण तो पाळला म्हणजे काम झालं असं समजलं जातं, ते मला पटत नाही. जुनी स्लाइड बनवणाऱ्याने ज्या गोष्टी थीमवर सोपवल्या होत्या, तेवढ्याच नवी थीम बदलते. आणि त्यांतल्याही काही ती बदलते, त्या बदलायला नको असतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका पतसंस्थेचं 2011 सालच्या वार्षिक सभेचं प्रेझेंटेशन आहे. काळसर निळी पार्श्वभूमी, पांढरी अक्षरं, रंग ऑफिस 2007 च्या मूळ थीमचे. त्यातल्या दोन स्लाइड्स आता पांढऱ्या पार्श्वभूमीच्या, ऑफिस 2013 चे रंग असलेल्या नव्या टेम्पलेटमध्ये हव्या आहेत. चौकोन रिकामा ठेवून दोन्ही आणल्या.

पहिली स्लाइड जवळजवळ कोरी दिसते. शीर्षक आहे, खाली काही नाही. पण `Ctrl+A` दाबलं की मधोमध दोन मजकुराच्या चौकटी उमटतात. अक्षरं जागेवरच आहेत, फक्त पांढऱ्यावर पांढरी आहेत. शीर्षकाचा रंग थीमकडून येत होता, म्हणून तो काळा झाला. खालच्या चौकटींतल्या अक्षरांना मात्र कुणीतरी हाताने पांढरा रंग दिला होता. रंग निवडायच्या खिडकीत वर दहा उभे रकाने असतात, ते थीमचे. त्यांच्या खाली `Standard Colors` ची एक आडवी ओळ असते आणि त्याखाली `More Colors`. त्या दोन्हींतून घेतलेला रंग कायमचा ठरतो. दिसायला फरक काहीच नसतो, पण फाइलमध्ये तो असा लिहिलेला असतो:

```xml
<a:schemeClr val="accent6"/>
<a:srgbClr val="FFFFFF"/>
```

पहिली ओळ म्हणते, थीमचा सहावा उठावाचा रंग जो असेल तो दे. दुसरी म्हणते, पांढरा म्हणजे पांढरा. `Keep source formatting` चा निर्णय आपण आज घेतो असं वाटतं खरं. प्रत्यक्षात तो 2011 मध्ये, रंगाच्या त्या खिडकीत वरच्या किंवा खालच्या ओळीवर क्लिक करणाऱ्या माणसाने घेऊन ठेवला आहे.

मांडणीचंही तसंच. स्लाइड आणताना पॉवरपॉइंट तिच्या लेआउटच्याच नावाचा लेआउट नव्या टेम्पलेटमध्ये शोधतो. `Title and Content` दोन्हीकडे असेल, तर गाठ पडते आणि शीर्षक, मजकूर नव्या जागी बसतात. जुन्या फाइलमध्ये कुणी हौसेने ‘संचालक मंडळ’ नावाचा लेआउट केला असेल, तर त्याला जोडीदार सापडत नाही. मग तो लेआउटच नव्या मास्टरखाली येऊन राहतो. त्याच्यावर चिकटवलेला संस्थेचा जुना लोगोही येतो. स्लाइडवर तो दिसतो, पण क्लिक करून निवडता येत नाही, कारण तो स्लाइडवर नाहीच, लेआउटवर आहे. अशा वेळी लोगोवर पांढरा आयत टाकून झाकणारे लोक मी पाहिले आहेत. त्यापेक्षा `Layout` मधून नव्या टेम्पलेटचा जवळचा लेआउट द्यावा, मग `Reset` दाबावं आणि मास्टरमध्ये जाऊन उपरा लेआउट काढून टाकावा. `Reset` शीर्षक-मजकुराच्या ठरलेल्या जागांनाच लागू पडतो. मोकळ्या टाकलेल्या चौकटींना तो ओळखत नाही, त्या हातानेच हलवाव्या लागतात.

मराठी प्रेझेंटेशनमध्ये यात आणखी एक पेच आहे. त्या काळात पुष्कळ कार्यालयांत युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टायपिंग चाले. त्या फाइलमध्ये खरं तर रोमन अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचं रूप देतो. आता ज्या शहाण्या माणसाने तो फॉन्ट थीममध्येच बसवला होता, त्याच्या स्लाइडवर नव्या थीमचा रोमन फॉन्ट चढतो आणि सगळा मजकूर निरर्थक अक्षरांचा ढीग होतो. ज्याने प्रत्येक चौकटीत हाताने फॉन्ट निवडला होता, त्याचा मजकूर मात्र शाबूत राहतो. शिस्तीचं पाळणाऱ्याला शिक्षा आणि बेशिस्ताला बक्षीस, असा हा दुर्मीळ न्याय आहे. यावर थीमच्या बाजूने उपाय नाही. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा, रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घालायची, आणि मगच ती स्लाइड लायब्ररीत घ्यायची.

इथवरच्या चुका निदान डोळ्यांना दिसतात. दुसरी स्लाइड जास्त धोक्याची आहे, कारण ती सुंदर उतरते. तिच्यावर कर्जांचा स्तंभालेख आहे: नियमित कर्जं हिरव्या रंगात, थकीत नारिंगी, एनपीए तांबडी. बनवणाऱ्याने हे तिन्ही रंग थीमच्या रकान्यांतून घेतले होते, म्हणजे पुस्तकी नियमाप्रमाणे अगदी योग्य केलं होतं. ऑफिस 2007 च्या थीममध्ये उठावाचा दुसरा रंग तांबडा, तिसरा हिरवा आणि सहावा नारिंगी आहे. 2013 च्या थीममध्ये दुसरा नारिंगी, तिसरा राखाडी आणि सहावा हिरवा आहे. स्लाइड नव्या थीममध्ये आली आणि थकीत कर्जं हिरवी झाली. नियमित कर्जं राखाडी, एनपीए नारिंगी. आलेख नीटस आहे, बाकी स्लाइड्सशी मेळ खातो, रंगसूचीही बरोबर आहे. पण मागच्या रांगेतला सभासद रंगसूची वाचत नाही. हिरवं म्हणजे ठीक, एवढं बघून तो पुढे जातो.

प्रेझेंटेशनमधल्या रंगांची दोन कामं असतात. शीर्षकाचा निळा, पट्टीचा करडा हे संस्थेच्या पोशाखाचे रंग. पोशाख बदलला की त्यांनी बदललंच पाहिजे. धोक्याचा तांबडा हा मात्र मजकुराचा भाग आहे, आकड्याइतकाच. थीम बदलली म्हणून आपण आकडे बदलू देत नाही, मग हा रंग का बदलू द्यायचा? ‘हाताने ठरवलेला रंग वाईट’ हा सरसकट उपदेश म्हणून मला अर्धाच वाटतो. अर्थाचे रंग मुद्दाम `More Colors` मधून पक्के करावेत. टेम्पलेट बनवणारा जाणकार असेल, तर तो थीमच्या फाइलमध्ये `custClrLst` या नोंदीखाली ते देऊ शकतो. मग रंगाच्या खिडकीत त्यांची वेगळी ओळ दिसते आणि ते कुठल्याही थीममध्ये तसेच राहतात. पॉवरपॉइंटच्या मेनूतून ही सोय करता येत नाही, त्यासाठी फाइल उघडून आतला एक्सएमएल बदलावा लागतो.

लायब्ररीत घेण्याआधी स्लाइड तपासण्याची एक सोपी रीत आहे. `Design` मध्ये `Variants` च्या बाणातून `Colors` उघडून मूळ रंगांशी काहीच नातं नसलेला एखादा भडक संच तात्पुरता लावायचा. जे बदललं नाही, ते हाताने ठरवलेलं. मग प्रत्येक न बदललेल्या रंगाला विचारायचं, तू पोशाखाचा की अर्थाचा. आणि जो बदलला त्यालाही. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते लायब्ररीच्या दारात झालं पाहिजे. सभेच्या आदल्या रात्री स्लाइड ओढून घेणाऱ्याकडून त्याची अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट नवी थीम करते, आणि ती मला सगळ्यांत जास्त खटकते. ती स्लाइडचं वय पुसते. निळ्या पार्श्वभूमीची, जुन्या फॉन्टची स्लाइड मध्येच आली की कुणीतरी हमखास विचारतं, ही कधीची? तीच स्लाइड नव्या थीममध्ये आली की 2011 चे आकडे आज सकाळी काढल्यासारखे दिसतात. त्यातून तळटिपेतली तारीख `Update automatically` वर असेल, तर बघायलाच नको. त्या आकड्यांखाली आजची तारीख छापलेली असते.

शेअरपॉइंटच्या 2007 च्या आवृत्तीत जी स्लाइड लायब्ररी होती, तिला हे कळलं होतं असं म्हणता येईल. तिथे प्रत्येक स्लाइड स्वतंत्र फाइल म्हणून ठेवली जाई, आणि स्लाइड घेताना एक खूण करून ठेवली, तर मूळ स्लाइड बदलल्यावर तुमच्या प्रेझेंटेशनला त्याची सूचना मिळे. 2013 च्या आवृत्तीपासून नवी स्लाइड लायब्ररी तयार करण्याची सोयच काढून टाकली. आता बहुतेक ठिकाणी लायब्ररी म्हणजे सामायिक फोल्डरमधली एक जाडजूड फाइल. तिथून घेतलेल्या स्लाइडचा मूळ प्रतीशी काही संबंध उरत नाही.

म्हणून आकड्यांच्या स्लाइडला तिची तारीख मजकुरातच हवी, ‘31 मार्च 2011 अखेर’ अशी, शीर्षकाला लागून, साध्या टाइप केलेल्या अक्षरांत. तळटिपेवर किंवा आपोआप बदलणाऱ्या तारखेवर ते सोपवू नये. खरं तर मी आणखी पुढे जाईन. संस्थेचा इतिहास, कर्ज मंजुरीची पद्धत, शाखांचा नकाशा अशा स्लाइड्स लायब्ररीत भरलेल्या असाव्यात. आकड्यांच्या स्लाइडची मात्र चौकट तेवढी ठेवावी: आलेख, त्याचे पक्के केलेले तीन रंग, आणि `Edit Data` उघडल्यावर दिसणारा रिकामा तक्ता. दर एप्रिलमध्ये कुणालातरी बसून तो भरावा लागेल, आणि लायब्ररी कशासाठी मग, अशी कुरकुरही होईल. ती होऊ द्यावी. मांडणीचे श्रम वाचवायला लायब्ररी आहे. आकडे पुन्हा तपासण्याचे श्रम तिने वाचवले, तर तो तिचा दोष समजावा.