आकृती नसलेला प्रश्न

रायपूरच्या बिलासपूर रस्त्यावर भनपुरी लागते. रोलिंग मिल, लोखंडाची गोदामं, ट्रकांच्या रांगा. तिथल्या बारावीच्या काही मुलांना मी रविवारी रसायनशास्त्र शिकवतो. मुलं हिंदी माध्यमाची आणि माझं घर मराठी, त्यामुळे फळ्यावर 'यौगिक' लिहितो आणि मनात 'संयुग' म्हणतो. एका रविवारी सरावासाठी तयार प्रश्नपत्रिकेच्या प्रती काढून आणल्या. कुणीतरी मूळ पुस्तकातला मजकूर संगणकावर उतरवून घेताना आकृत्या मागेच राहिल्या होत्या. दोन ठिकाणी नुसतं वाक्य उरलं होतं: नीचे दिए गए यौगिक का आई.यू.पी.ए.सी. नाम बताइए. खाली मोकळी जागा, आणि तिच्याखाली चार पर्याय.

माझ्या लक्षात येईपर्यंत मुलांनी पेपर सोडवून टाकला होता. एका मुलीने दुसऱ्या प्रश्नाच्या मोकळ्या जागेत पेन्सिलीने रिकामी चौकट काढली होती आणि उत्तर कोरं ठेवलं होतं. बाकी सगळ्यांनी खुणा केल्या होत्या.

न पाहिलेल्या वस्तूचं नाव बरोबर सांगितलं, तर त्याला बरोबर म्हणायचं का? मी आधी हा प्रश्न पोरकट समजलो. पण त्या दोन प्रश्नांनी मला दोन वेगळी उत्तरं दिली.

पहिल्या प्रश्नाचे पर्याय असे होते: ३-एथिल-४-मेथिलपेंटेन, २-मेथिल-३-एथिलपेंटेन, ३-एथिल-२-मेथिलपेंटेन आणि ३-आयसोप्रोपिलपेंटेन. प्रत्येक नावावरून कागदावर रेणू काढून पाहा. पाच कार्बनांची साखळी, एका कार्बनावर एक कार्बनाची फांदी, शेजारच्या कार्बनावर दोन कार्बनांची. चारही नावांतून हाच एक रेणू निघतो, फक्त नाव ठेवण्याची रीत बदलते. पहिल्यात साखळी उलट्या टोकाकडून मोजली आहे, म्हणून फांद्यांना ३ आणि ४ हे क्रमांक आले. दुसऱ्या टोकाकडून २ आणि ३ येतात, आणि लहान क्रमांक घ्यायचे हा नियम आहे. दुसऱ्यात मोजणी बरोबर, पण फांद्यांचा वर्णक्रम चुकला. चौथ्यात पाच कार्बनांची अशी साखळी निवडली आहे की तिच्यावर एकच, मोठी फांदी उरते; नियम म्हणतो की लांबी सारखी असेल तर जास्त फांद्यांची साखळी घ्या. उरलं तिसरं नाव. इथे आकृती हरवली तरी काही बिघडलं नाही. चारांपैकी एक तरी उत्तर बरोबर असेल तर ते तिसरंच असलं पाहिजे. हा प्रश्न मुळात वस्तूबद्दल नव्हताच, व्याकरणाबद्दल होता.

(वर्णक्रम इंग्रजी अक्षरांचा धरतात. 'एथिल' आणि 'मेथिल' यांत नशिबाने आपल्या वर्णमालेचा क्रमही तोच येतो. पण 'क्लोरो' आणि 'ब्रोमो' आले की देवनागरीत विचार करणारं मूल 'क' आधी लिहितं आणि गुण गमावतं. त्याची समजूत चुकलेली नसते, लिपी आड येते.)

दुसऱ्या प्रश्नाचे पर्याय होते ब्यूटेन-१-ऑल, ब्यूटेन-२-ऑल, २-मेथिलप्रोपेन-१-ऑल आणि २-मेथिलप्रोपेन-२-ऑल. चारही नावं निर्दोष. चारही पदार्थ खरे, आणि चौघांचं सूत्र एकच, C4H10O. या सूत्रात एकूण सात जोडण्या बसतात, चार अल्कोहोल आणि तीन ईथर. पेपर काढणाऱ्याने सगळी अल्कोहोल मांडली होती. इथे कितीही हुशारी चालवा, नियमांतून उत्तर निघत नाही. उत्तर त्या गेलेल्या चित्रात होतं.

चित्राशिवाय रसायनशास्त्रात नावच देता येत नाही असं मात्र नाही. मुंग्यांपासून मिळालेल्या आम्लाला फॉर्मिक हे नाव लॅटिनमधल्या मुंगीवरून पडलं, तेव्हा रेणूची रचना ही कल्पनाही नव्हती. केकुलेच्या १८६१ च्या पाठ्यपुस्तकात असेटिक आम्लासाठी वापरात असलेली १९ निरनिराळी सूत्रं दिली आहेत. बाटलीतला पदार्थ आणि त्याचं नाव यांबद्दल वाद नव्हता, वाद होता तो आत काय आहे याबद्दल. ते नाव पदार्थ कुठून आला एवढंच सांगत होतं. १८९२ साली जिनिव्हाच्या परिषदेत रचनेवरून नाव बांधायची पद्धत ठरली, तेव्हापासून नावाने जास्त मोठा दावा करायला सुरुवात केली. 'ब्यूटेन-२-ऑल' म्हणणारा माणूस, ऑक्सिजन कोणत्या कार्बनाला चिकटला आहे ते मला माहीत आहे, असं सांगत असतो. माहीत नसताना तो शब्द उच्चारणं, मला वाटतं, साध्या चुकीपेक्षा थोडं अधिक आहे.

प्रश्नात एखादा शब्द जास्त असता तरी मार्ग होता. समजा लिहिलं असतं की हे यौगिक ल्यूकास अभिकर्मकाने, म्हणजे तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि निर्जल झिंक क्लोराइडने, लगेच गढूळ होतं. तर आकृती नसतानाही २-मेथिलप्रोपेन-२-ऑल हे उत्तर ठामपणे देता आलं असतं; ब्यूटेन-२-ऑलला काही मिनिटं लागतात आणि उरलेली दोन साध्या तापमानाला तशीच स्वच्छ राहतात. पदार्थ दिसला नाही तरी त्याची वागणूक साक्ष देते. आमच्या कागदावर तीही नव्हती.

मुलांकडे मात्र स्वतःचा हिशोब होता, आणि तो चूक नव्हता. गुण नीटच्या धर्तीवर, बरोबरला ४ आणि चुकीला वजा १. डोळे मिटून चार प्रश्नांवर खुणा केल्या तर सरासरीने एक बरोबर येतो, तीन चुकतात, हाती १ गुण उरतो. कोरं ठेवणाऱ्याला शून्य. परीक्षाच सांगते की बोल.

मी उत्तरसूची काढली. तिच्यात दुसऱ्या प्रश्नाला 'ब' होतं. 'ब' लिहिणाऱ्या दोघांना ४ दिले, त्या मुलीला शून्य दिलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पुढच्या तुकडीसाठी पेपर नीट करावा म्हणून मी रिकाम्या जागेत ब्यूटेन-२-ऑलची नागमोडी आकृती हाताने काढून टाकली. म्हणजे उत्तरावरून प्रश्न तयार केला. आता आकृती आणि उत्तर यांचं जुळणारच होतं, आणि सूची चुकली असेल तर ते पकडायला कागदावर काहीच उरलं नव्हतं. मुलांनी निदान अंदाजाला अंदाज म्हटलं होतं. मी माझा अंदाज पुरावा म्हणून छापायला निघालो होतो.

पुढच्या आठवड्यात मूळ पुस्तक मिळालं. आकृतीत तीन कार्बनांची साखळी होती, मधल्यावर एक फांदी, टोकाला OH. २-मेथिलप्रोपेन-१-ऑल, म्हणजे 'क'. टंकताना सूचीतलं एक उत्तर वर सरकलं होतं.

रविवारी मी पुस्तक वर्गात नेलं. त्या मुलीने आकृतीचे कोपरे बोटाने मोजले, नाव अचूक सांगितलं आणि विचारलं, "सर, पिछले हफ़्ते का शून्य?" मी प्रश्न सगळ्यांसाठी रद्द केल्याचं सांगितलं. 'ब' लिहिणाऱ्यांपैकी एक मुलगा म्हणाला, "मेरा तो सही था." मी म्हटलं, "सूची के हिसाब से था." 'क' लिहिणारा मुलगा काहीच बोलला नाही. त्याचं उत्तर खरं निघालं होतं, वजा १ मीच दिला होता, आणि त्यानेही चित्र पाहिलेलं नव्हतं. त्याचे ४ मी दिले नाहीत, फक्त वजा १ खोडला. ते त्याला पटल्याचं दिसलं नाही.

माझी जुनी आकृती पांढऱ्या शाईने पुसली आणि पुस्तक समोर ठेवून नवी काढली. तिच्याखाली पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक लिहिला.