राखण कधी परवडते?

वसंतात नर पक्षी एकमेकांवर तुटून पडतात ते मादीसाठी, असे एकोणिसाव्या शतकातील बहुतेक निसर्गअभ्यासक धरून चालले होते. डार्विनच्या लैंगिक निवडीच्या कल्पनेत ते चपखल बसत होते. एलियट हॉवर्ड या हौशी इंग्रज पक्षीनिरीक्षकाला मात्र त्यात एक अडचण दिसली. तो पहाटेपासून झुडपांतल्या वटवट्यांवर आणि भारीटांवर नजर ठेवत असे. मादी अजून आलेलीही नसताना नर येऊन एकेक तुकडा धरून बसतो आणि भांडणे तेव्हापासूनच सुरू होतात, हे त्याच्या ध्यानात आले. मग भांडण मादीचे कसे? ते जागेचे. 1920 साली त्याने हे पुस्तकरूपाने मांडले आणि ‘हद्द’ ही कल्पना पक्षीशास्त्रात स्थिरावली. तसे म्हटले तर त्याच्या आधी अर्धशतक एका जर्मन अभ्यासकाने, बर्नार्ड आल्टुमने, जवळपास हेच लिहून ठेवले होते, पण इंग्लंडात त्याची दखल कोणी घेतली नव्हती. पुढे 1939 मध्ये नोबलने सुटसुटीत व्याख्या दिली: जी जागा राखली जाते ती हद्द. 1941 मध्ये मार्गारेट नाइस यांनी हद्दींचे प्रकार पाडले. कोणी घरटे, प्रणय आणि अन्न यांसाठी एकच मोठा इलाखा राखतो, कोणी फक्त घरट्याभोवतीची वीतभर जागा, तर कोणी केवळ हिवाळ्यातले चरायचे ठिकाण. वर्गीकरण उत्तम झाले, पण एक गोष्ट त्यातून सुटली. तोच पक्षी आज एखाद्या जागेसाठी जिवावर उदार होतो आणि आठवड्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, हे कसे?

हद्द राखणे हा त्या जातीचा स्वभावच आहे असे म्हटले, तर या प्रश्नाला उत्तर उरत नाही. 1962 मध्ये विन-एडवर्ड्स यांनी वेगळीच बाजू पुढे केली. हद्दींमुळे काही पक्षी विणीबाहेर राहतात, संख्या आटोक्यात राहते आणि अन्नाचा साठा संपत नाही, म्हणजे ही व्यवस्था साऱ्या समूहाच्या भल्यासाठी आहे, असे त्यांचे म्हणणे. पक्षी बाहेर राहतात हे खरेच आहे. ऑक्सफर्डजवळच्या वायथम वुडमध्ये जॉन क्रेब्स यांनी वसंतात ग्रेट टिटच्या काही जोड्या काढून घेतल्या, तेव्हा शेजारच्या शेतांच्या कुंपणझुडपांतले पक्षी त्या रिकाम्या जागांवर येऊन बसले. पण यात समूहहिताचा पुरावा कुठे आहे? कुंपणावरचा पक्षी समाजासाठी मागे थांबला नव्हता. आत शिरता येत नव्हते म्हणून तो बाहेर होता, वाट मोकळी होताच आला. संख्या मर्यादित होणे हा राखणीचा परिणाम आहे, तिचे कारण नाही. या दोहोंची गल्लत पर्यावरणावरच्या लिखाणात आजही सर्रास होते.

प्रश्नाचा रोख बदलला जेरम ब्राउन यांच्या 1964 च्या निबंधाने. हद्द कशासाठी असते, याऐवजी ती राखणे कधी परवडते, असे त्यांनी विचारले. राखणीला खर्च आहे: पाठलागाची शक्ती, पहाऱ्यात गेलेला वेळ, जखमेची जोखीम. राखणीतून मिळकतही आहे: इतरांनी खाल्ले असते ते आपल्या वाट्याला येते. मिळकत खर्चापेक्षा जास्त असेल तिथेच ही सवय टिकेल. साधी वाटणारी ही कल्पना दोन्ही टोकांना कापते. अन्न फार विरळ असेल तर पोटापुरते मिळवायला एवढा मोठा पट्टा सांभाळावा लागतो की त्याच्या कडेने फिरण्यातच दम संपतो. अन्न उदंड असेल तर दुसऱ्याने खाल्ल्याने आपले काही कमी होत नाही, मग हाकलायचे कशाला? शिवाय उदंड अन्नावर घुसखोरही उदंड येतात. आपल्याकडे ज्वारी भरात असताना भोरड्यांचे थवेच्या थवे शेतात उतरतात, त्यांत कोणी कोणाला ताटावरून उठवत नाही. समुद्री पक्ष्यांचेही तसेच. गॅनेट मासळीसाठी समुद्र राखत नाही, तो राखता येण्यासारखाच नाही. मात्र कड्यावरचे घरटे तो चोच पोचेल तेवढ्या अंतरापर्यंत इरेला पेटून राखतो.

पण ‘परवडते’ हा शब्द मोजमापाशिवाय पोकळ आहे. ते मोजमाप फ्रँक गिल आणि लॅरी वुल्फ यांनी केनियात केले आणि 1975 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचा पक्षी म्हणजे सोनेरी पंखांचा, बाकदार चोचीचा शिंजीर. त्याचे फूल म्हणजे दीपमाळ, तीच जी आपल्याकडे रस्त्याकडेला आणि पडीक रानात उगवते, जिच्या उभ्या दांड्यावर काटेरी गोंड्यांतून नारिंगी फुलांचे मजले निघतात. फुलातला मध नळीने ओढून मोजता येतो, पक्ष्याचा दिवस कसा जातो ते घड्याळ लावून टिपता येते, आणि प्रत्येक कामाला किती ऊर्जा लागते हे प्रयोगशाळेतल्या मोजणीवरून काढता येते. बसून राहायला तासाला सुमारे 400 कॅलरी, फुले धुंडायला 1000, आणि पाठलाग करून हाकलायला 3000. (या लहान कॅलरी, बिस्किटाच्या पुड्यावरच्या कॅलरीचा हजारावा भाग.) एका फुलात सरासरी 1 मायक्रोलिटर मध असेल तर दिवसाची गरज भागवायला शिंजिराला 8 तास फुलांवर घालवावे लागतात, 2 असेल तर 4 तास, 3 असेल तर 2.7 तास. आणि राखलेल्या फुलांत मध जास्त साचतो, कारण दुसरे कोणी तो चोरत नाही.

आता हिशेब करून पाहू. समजा, राखणीमुळे फुलातला मध 2 वरून 3 मायक्रोलिटरवर गेला. फुले धुंडण्याचे 1.3 तास वाचले. तेवढा वेळ पक्षी बसून राहिला, तर दर तासाला 600 कॅलरी वाचतात, म्हणजे एकूण 780. राखणीवर तो दिवसाला साधारण 0.28 तास, म्हणजे 17 मिनिटे, खर्च करतो. तेवढा वेळ बसून राहण्याऐवजी हाकलण्यात गेला, तर दर तासाला 2600 कॅलरी जादा, एकूण 728. शिल्लक 52. एवढ्याशा शिलकीवर ही सारी धावपळ उभी आहे. आता फुलांत आधीच भरपूर मध आहे असे धरू, आणि राखणीने तो 4 वरून 6 वर गेला. मधाची वाढ आधीच्या दुप्पट, पण 2 तासांचे काम 1.3 तासांवर आले, बचत फक्त 0.7 तास, म्हणजे 420 कॅलरी. खर्च तोच 728. राखण तोट्यात गेली. जास्त मिळकत हाती येऊनही ती परवडत नाही, कारण पोट एका मर्यादेपर्यंतच भरायचे असते. प्रत्यक्षातही मध मुबलक झाला की शिंजीर राखण सोडून देत होते. याहून बोलका पुरावा हद्दींच्या आकारात होता. क्षेत्रफळ कुठे अगदी लहान, कुठे त्याच्या कितीतरी पट, पण प्रत्येक हद्दीत फुले साधारण 1600 च. पक्षी जमीन राखत नव्हता, एका दिवसाचे जेवण राखत होता.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: पाखरू काय गणित करते? करत नाही, आणि या विचाराला त्याची गरजही नाही. भूक लागली की आक्रमक होणे, पोट भरले की थंडावणे, घुसखोर फार झाले की कडेचा तुकडा सोडणे, एवढे साधे कल असले तरी वर्तन हिशेबाच्या जवळ पोचते. खरोखर पोचते का, हे तपासता येते. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात कार्पेंटर, पेटन आणि हिक्सन यांनी स्थलांतराच्या वाटेवर मुक्काम करणाऱ्या रूफस हमिंगबर्डच्या बसण्याच्या काठीलाच तराजू जोडला. एवढेसे पाखरू रोज किती वजनाने वाढते ते पकडण्याचा त्रास न देता कळू लागले. पक्षी रोज हद्द कमीजास्त करत होता. ती फार लहान असताना आणि फार मोठी असताना वजन हळू वाढे, मधल्या आकारात वेगाने, आणि पक्षी त्या मधल्या आकाराकडे सरकत गेला. गणित त्याच्या डोक्यात नव्हते, पण चाचपडत तो उत्तरापर्यंत गेला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि मूळ कल्पनेला खरी खोली त्यानेच आणली असे मला वाटते. काही पक्षी उघड तोट्यातही हद्द सोडत नाहीत. ऑक्सफर्डजवळ थेम्सकाठच्या पोर्ट मेडो या गवताळ कुरणात निक डेव्हिस यांनी हिवाळ्यातले धोबी पाहिले. हा धोबी नदीकाठचा सुमारे 600 मीटरचा पट्टा धरतो आणि पाण्याने काठाला आणून टाकलेले किडे वेचत त्याची फेरी घालतो. एक फेरी साधारण 40 मिनिटांची. तो परत येईपर्यंत पाण्याने नवे किडे आणलेले असतात. वरून जाणारा परका धोबी उतरण्याआधी ‘चिसिक’ अशी हाक देतो, खालचा मालक ‘ची-वी’ असे उत्तर देतो, आणि बहुतेक वेळा पाहुणा तसाच पुढे निघून जातो. त्याचेही बरोबर आहे. कोणता काठ नुकताच वेचून झाला आहे हे मालकाला ठाऊक असते, पाहुण्याला नाही, म्हणून उतरूनही त्याच्या पदरी फारसे पडत नाही. पण अन्न आटलेल्या दिवशी मालकालाही आपल्या काठापेक्षा कुरणातल्या पाणथळ डबक्यांवर थव्यात जास्त मिळते. मग तो तिथे चरतो, आणि तरीही अधूनमधून परत येऊन घुसखोरांना हाकलतो. त्या दिवसाच्या वहीत हा शुद्ध तोटा आहे.

ब्राउनची कल्पना इथे मोडते का? हिशेब एका दिवसाचाच धरला तर मोडते. पण डबकी गोठतात, बर्फाखाली जातात, नदी मात्र काठाला काही ना काही आणत राहते. आज सोडलेला काठ उद्याच्या कडाक्यात परत मिळेलच असे नाही. शिंजिराची फुले थोड्याच दिवसांत संपणारी आहेत, म्हणून त्याचा हिशेब दिवसाचा. धोब्याला सारा हिवाळा काढायचा आहे, म्हणून त्याचा हिशेब मोसमाचा. त्यात लवचिकपणा नाही असेही नाही. डेव्हिस आणि ह्यूस्टन यांनी 1981 मध्ये दाखवले की किडे भरपूर असतील त्या दिवशी मालक एखाद्या उपऱ्याला पट्ट्यात राहू देतो. उपऱ्यामुळे फेरीतले किडे निम्म्याने वाटले जातात, पण तोही घुसखोरांना हाकलायला हात लावतो. अन्न आटले की मालक त्यालाच हुसकावतो. कोणत्या दिवशी उपरा ठेवणे फायद्याचे, याचे त्यांनी मांडलेले गणित बहुतेक दिवशी बरोबर आले.

मर्यादा आहेतच. विणीच्या हद्दीत कॅलरी हे चलन पुरत नाही. तिथे मोजायचे ते हाताशी आलेल्या पिलांच्या संख्येत, आणि जोडीदार, घरट्याची जागा, शिकाऱ्यापासून आडोसा या साऱ्यांची किंमत एकाच मापात बसवणे फार अवघड जाते. शोधावे तेवढे फायदे सापडतातच आणि मग कोणतेही वर्तन फायद्याचे ठरवता येते, हा टीकाकारांचा संशय अशा ठिकाणी रास्त आहे. म्हणून माझ्या मते ब्राउनच्या कल्पनेचा भक्कम भाग तोच, जिथे आधी आकडा सांगून नंतर पक्षी पाहिला गेला आणि अंदाज चुकण्याची खरी शक्यता होती. हद्दीवरचे एखादे नवे स्पष्टीकरण वाचनात आले, तर खर्च कशात मोजला आणि किती काळाचा धरला, हे दोन प्रश्न वाचकाने आधी विचारावेत.