मस्टरवरची पहिली सही

मानवतसारख्या तालुक्याच्या गावात कोणाचा आजार फार दिवस खासगी राहत नाही. मोंढ्यात कापसाच्या गाड्या लागलेल्या असतात, तिथे भाव विचारता विचारता तब्येतीचीही चौकशी होते. उपचारासाठी संभाजीनगरला, बार्शीला किंवा थेट मुंबईच्या टाटाला गेलेलं माणूस मानवत रोड स्टेशनवर उतरून घरी पोहोचेपर्यंत बातमी त्याच्या आधी गल्लीत आलेली असते. या चौकशीत माया असते, हे खरंच. पण तेच माणूस आठ-नऊ महिन्यांनी कामावर परततं, तेव्हा त्याला सगळ्यात जड जाते ती हीच माया.

उदाहरणादाखल शाळेतल्या एका शिक्षिकेचा विचार करू. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, मग दर एकवीस दिवसांनी एक अशा केमोच्या सहा-आठ फेऱ्या, त्यानंतर काही आठवडे रेडिएशन. बहुतेकांच्या बाबतीत एवढ्यात वर्षाचा मोठा भाग जातो. डॉक्टरांनी कामावर जायला योग्य असल्याचं प्रमाणपत्र दिलं, दिवाळीची सुट्टी संपली आणि मॅडम रुजू झाल्या.

आपल्याकडची पहिली प्रतिक्रिया ठरलेली: सत्कार. परिपाठाला सगळी शाळा उभी, शाल, श्रीफळ आणि ‘मृत्यूशी झुंज देऊन परतलेल्या’ अशी भाषणं. ज्या बाईंना त्या दिवशी फक्त सातवीचा गणिताचा तास घ्यायचा होता, त्यांना दोनशे मुलांसमोर पेशंट म्हणून उभं राहावं लागतं. त्यानंतर शिक्षककक्षात एकेक जण जवळ येतो. “किती वाळलात हो!” “नेमकं कुठं होतं?” “आमच्या मावशीलाही तेच झालं होतं...” आणि मावशीचं पुढे काय झालं हे सांगता सांगता बोलणारी व्यक्ती मध्येच थांबते. ते थांबणं ऐकणाऱ्याच्या मनात दिवसभर राहतं.

सत्काराला विरोध नाही. तो विचारून करावा, एवढंच. काहींना मनापासून बोलायचं असतं. अभिनेते शरद पोंक्षे यांनी आपल्या कर्करोगावर ‘दुसरं वादळ’ हे पुस्तक लिहिलं आणि जाहीरपणे त्याबद्दल ते बोलत आले. पण काय सांगायचं आणि कधी सांगायचं, हे त्यांनी स्वतः ठरवलं. त्यांच्या परतण्यातली आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. 2019 साली ते रंगभूमीवर परतले ते वसंत कानेटकरांच्या ‘हिमालयाची सावली’मध्ये, नानासाहेब भानूंच्या भूमिकेत. मूळ प्रयोगांत ही भूमिका डॉ. श्रीराम लागूंनी केली होती. आजारातून उठलेल्या नटाला दोन वाक्यांचा पाहुणा म्हणून आणून टाळ्या मिळवणं सोपं होतं. त्यांच्या वाट्याला पेलावी लागेल अशी भूमिका आली. सहकाऱ्यावरचा विश्वास याहून स्पष्ट शब्दांत सांगता येत नाही.

शाळेत नेमकं इथेच चुकतं. “मॅडम, तुम्ही आराम करा, तास आम्ही पाहतो,” असं प्रेमाने म्हटलं जातं. बदली शिक्षक वर्ग चालवत राहतात, वर्गशिक्षकपद दुसऱ्याकडे गेलेलं असतं ते तिथेच राहतं, परीक्षेच्या बैठकीचा निरोप ‘त्यांना कशाला त्रास’ म्हणून दिला जात नाही. कोणाच्याही मनात वाईट नसताना महिनाभरात त्या बाई स्वतःच्याच शाळेत पाहुण्या होऊन बसतात. आजाराने शरीर आधीच परकं करून टाकलेलं असतं. आता कामही परकं होतं.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. उपचार संपले म्हणजे शरीर पूर्ववत झालं, असं नसतं. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, कधी कधी काही वर्षांनीही. वह्यांचा गठ्ठा त्या हाताने उचलणं किंवा फळ्याच्या वरच्या भागात सलग लिहिणं अशा वेळी अवघड जातं. केमोच्या काही औषधांनी बोटांची टोकं बधिर होतात, खडू धरलाय की नाही तेच नीट कळत नाही. ओळखीच्या मुलाचं नाव ओठांवर येऊन अडतं. थकवा तर असा की रात्रभर झोपूनही जात नाही. आणि यातलं काहीच बाहेरून दिसत नाही. केस परत आले, चेहऱ्यावर तेज आलं की लोक म्हणतात, “आता एकदम ठणठणीत!” त्या क्षणापासून दमल्याचं सांगायची चोरी होते.

मग काम द्यायचं की नाही? द्यायचं, पण किती आणि कोणतं हे त्यांना विचारून. रुजू होण्याच्या आठवडाभर आधी मुख्याध्यापकांनी किंवा मॅडमच्या विश्वासातल्या एकाच सहकाऱ्याने फोन करावा. दहा जणांनी दहा वेळा विचारण्यापेक्षा ते कितीतरी बरं. विचारायचं ते कामाबद्दल: कोणते वर्ग परत हवेत, सलग तीन तास चालतील की मध्ये एक मोकळा हवा, वर्ग तळमजल्यावर घ्यायचा का, तपासणीची तारीख असेल त्या दिवशी तास कोणी घ्यावा. आणि एक प्रश्न आवर्जून: “बाकीच्यांना काय सांगू?” “काहीच नको” हेही उत्तर असू शकतं. ते तसंच पाळावं.

वेळापत्रक शाळेच्याच हातात असतं, त्यामुळे यातल्या बहुतेक गोष्टींना वरून मंजुरी लागत नाही. मतदार यादीचं आणि निवडणुकीचं काम मात्र बाहेरून येतं. तिथे वैद्यकीय कागद जोडून सवलतीचा अर्ज वेळेत जाईल हे मुख्याध्यापकांनी पाहावं. आजारी माणसाने स्वतःच्या आजाराची फाइल घेऊन तहसीलच्या पायऱ्या चढाव्यात, असं होऊ नये. कार्यालयातल्या लिपिकाची जबाबदारी याहून नाजूक. रजेच्या अर्जासोबतच्या प्रमाणपत्रावर आजाराचं नाव असतं, ते त्यांनी वाचलेलं असतं. ते नाव फाइलमध्येच राहिलं पाहिजे. ज्यांचं आजारपण मनाचं होतं, त्यांच्यासाठी तर नोकरीतली सगळी प्रतिष्ठा या एका कागदावर अवलंबून असते.

नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कायदाही पाठीशी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार सरकारी आस्थापनेला अशा कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही किंवा त्याचा दर्जा कमी करता येत नाही. ते पद झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यावं लागतं.

मुलांचं काय? त्यांना “मॅडम आजारी होत्या, आता परत आल्यात” एवढं पुरतं. एखादं पोर सरळ विचारेल, “मॅडम, तुमचे केस कुठं गेले?” मोठ्यांच्या कुजबुजीपेक्षा हा प्रश्न बऱ्याच जणांना सोपा वाटतो, कारण त्यामागे कीव नसते.

स्वागत नीट झालं की नाही, हे पहिल्या दिवशी कळत नाही. पंधरा-वीस दिवसांनी पाहावं. मॅडम डबा एकट्या खातात का? मुलं अजून बदली सरांनाच हाक मारतात का? तपासणीच्या तारखेला सुट्टी मागायची लाज वाटून त्या शाळेत आल्या का? यातलं काही दिसलं, तर शेजारी डबा उघडून बसावं आणि तब्येतीचं नाव न काढता विचारावं, “मॅडम, सातवीचा अपूर्णांकांचा धडा कुठवर आलाय?”