आधी फोटो बघ, मग ओळी लिही

प्रदर्शनासाठी तू लिहिलेला मजकूर वाचला. तीन वाक्यं आहेत. ‘कष्टकरी बापाच्या घामाला लेकराची साथ. जीवनाच्या चढावरचा एक थबकलेला क्षण. काळ्या-पांढऱ्या छटांतून उलगडणारी संघर्षाची कहाणी.’

हे तू कशाबद्दल लिहिलंस? लक्ष्मी रोडवरच्या हमालाच्या फोटोखाली हे चालेल. घाटातल्या ऊसतोड कुटुंबाच्या फोटोखालीही चालेल. मग तुझ्या फोटोचं त्यात काय आहे? बिबवेवाडीत, अप्परच्या चढावर, भल्या सकाळी तू उभा राहिलास, नेमक्या क्षणी बटण दाबलंस आणि या वर्षातला वर्गातला सगळ्यात चांगला फोटो घेऊन आलास. म्हणूनच मला राग येतोय. ज्याला काही दिसतच नाही, त्याच्यावर मी शब्द वाया घालवत नाही. तुला दिसतं. लिहायला बसलास की तू डोळे मिटतोस.

‘सर, चित्र स्वतःच बोलतं,’ हे तुझं उत्तर मला पाठ झालंय. मग भिंतीवर मजकूर लावतोसच कशाला? आणि लावायचाच असेल, तर बघणाऱ्याला चित्राकडे परत पाठवणारा लाव. तुझी तीन वाक्यं वाचून माणूस मान हलवेल आणि पुढच्या फोटोकडे जाईल. त्याचं समाधान होईल, पण त्यानं काही पाहिलेलं नसेल.

चल, प्रिंट समोर ठेव. मी विचारतो, तू बघ.

नजर आधी कुठं जाते? मुलाच्या पांढऱ्या शर्टावर. का? तिथं चौकटीतला सगळ्यात उजळ रंग आहे, आणि त्याला खेटूनच भाजीच्या हातगाडीखालचा सगळ्यात गडद भाग आहे. उजेड आणि अंधार जिथं एकमेकांना भिडतात, तिथं डोळा पहिल्यांदा थांबतो. रंगीत फाईल मी पाहिली आहे. तिच्यात मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांचा हिरवा रंग आणि मागच्या दुकानाची निळी पाटी आधी डोळ्यांत भरतात, मूल नंतर सापडतं. रंग काढल्यावर भाजीचा नुसता गडद ढीग उरला, पाटी करडी झाली आणि मूल पुढं आलं. फोटो काळा-पांढरा करण्याचं हे कारण आहे. ‘काळ्या-पांढऱ्या छटांतून उलगडणारी’ असं लिहिताना यातलं काय तुझ्या मनात होतं? काहीही नव्हतं.

आता चढ. डाव्या खालच्या कोपऱ्यातून उजव्या वरच्या कोपऱ्याकडे रस्ता तिरका चढत गेलाय आणि सगळं चित्र त्या तिरक्या रेषेवर उभं आहे. पण जाणकार माणूस आधी विचारेल, की हा चढ खरा की कॅमेरा वाकडा धरून आणलेला? सपाट रस्त्याचासुद्धा असा चढ करता येतो. तुझ्याकडे पुरावा आहे. मागचा विजेचा खांब बघ, चौकटीच्या कडेला अगदी समांतर उभा आहे. म्हणजे कॅमेरा सरळ होता आणि चढ रस्त्याचाच आहे. हा खांब तू ‘मध्ये येतो’ म्हणून पुसायला निघाला होतास. स्वतःच्या साक्षीदाराला कोणी हाकलतं का?

पुढचा शब्द, ‘थबकलेला’. गाडी थांबली आहे हे तुला कशावरून कळलं? चाकाचे आरे स्पष्ट आलेत म्हणून? फाईलमधली नोंद वाच, शटर सेकंदाचा पाचशेवा भाग आहे. एवढ्या वेगात चालत्या हातगाडीचे आरेही स्पष्टच येतात. तो पुरावा नाही. पुरावा माणसाच्या पायांत आहे. दोन्ही टाचा जमिनीला पूर्ण टेकल्यात. चढावर गाडी ढकलणारा माणूस चवड्यांवर जोर देतो, त्याची मागची टाच उचललेली असते. हा माणूस आत्ता ढकलत नाही, नुसता गाडी धरून उभा आहे. तुझा शब्द बरोबर निघाला, पण तो नशिबानं. तू तपासला नव्हतास.

आणि आता दगड. तुझ्या तीन वाक्यांत दगडच नाही! मूल वाकून मागच्या चाकाला, उताराच्या बाजूनं, दगड लावतंय. सगळ्या चित्रात घडणारी हीच एक कृती आहे, आणि तुला ती लिहाविशी वाटली नाही. फाईल स्क्रीनवर मोठी करून बघ. त्या दगडाला दोरी आहे आणि दोरीचं दुसरं टोक गाडीच्या आडव्या पट्टीला बांधलंय. म्हणजे दगड रस्त्यावरून उचललेला नाही, तो गाडीचाच आहे आणि गाडीबरोबर फिरतो. चढावर थांबावं लागणार हे या माणसाला घरून निघतानाच ठाऊक असतं. मार्केट यार्डातून माल भरून वर यायचं म्हणजे मध्ये दम घ्यावाच लागणार, म्हणून दगड सोबत बांधलेला. तू ज्याला ‘संघर्षाची कहाणी’ म्हणालास, ती सगळी त्या वीतभर दोरीत आहे. ती दोरी न बघता तू ‘संघर्ष’ लिहून मोकळा झालास. याला आळस म्हणतात. मोठा शब्द वापरला की बारीक बघायचं काम वाचतं, हे तुला चांगलं कळतं.

बरं, ही दोरी प्रिंटमध्ये राहिलीय का? तुला झोकदार काळा हवा होता, म्हणून तू गडद भाग आणखी दाबलास. स्क्रीनला मागून उजेड असतो, तिथं दोरी दिसते. मॅट कागदावर शाई शोषली जाते आणि गडद छटा एकमेकांत बुडतात. तुझ्या मोठ्या प्रिंटवर दोरी जवळपास नाहीशी झालीय. गाडीखालचा भाग थोडा उघड, आधी लहान नमुना प्रिंट काढ आणि कलादालनात असतो तेवढ्याच उजेडात भिंतीला लावून बघ. हातभर अंतरावरून दोरी दिसली, तरच तिच्याबद्दल लिही. भिंतीवर जे दिसत नाही त्याचं वर्णन खाली छापणं ही बघणाऱ्याची फसवणूक आहे.

माणूस आणि मूल एकमेकांना कुठंही शिवत नाहीत. एकमेकांकडे बघतही नाहीत. तरी ते एकत्र वाटतात. का? सकाळचा उजेड डावीकडून, तिरका येतोय आणि माणसाच्या हाताची सावली मुलाच्या शर्टावर आडवी पडलीय. दोघांना जोडणारी चौकटीतली ती एकच गोष्ट. आणि मुलाची नजर? हात दगडावर, पण डोळे वर, उजव्या कोपऱ्याकडे. तिथं चौकटीच्या कडेनं कापलेले शाळेच्या बुटांतले पाय आहेत, चढावरून पुढं निघालेले. ते पाय तू कापायला निघाला होतास, ‘पसारा’ म्हणून. कापले असतेस तर मुलाची नजर कशावर आहे हे कोणाला कधी कळलं असतं?

आता सगळ्यात मोठी चूक. ‘बाप’ आणि ‘लेकरू’. हे तुला कोणी सांगितलं? फोटोत एक पुरुष आहे आणि गणवेशातला एक मुलगा आहे. नातं कुठं दिसतंय? शाळेत जाता जाता हात लावणारा शेजारचा पोरगा असेल. पुतण्या असेल. तू विचारलंस का? नाही. का नाही? ‘कसंतरी वाटलं, सर.’ त्यांचा फोटो काढताना कसंतरी वाटलं नाही, दोन शब्द बोलताना वाटलं?

याची किंमत काय असते ते ऐक. 1936 साली कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथं डोरोथिया लँग हिनं मुलांसह बसलेल्या एका स्थलांतरित बाईचा फोटो काढला. ‘मायग्रंट मदर’ या नावानं तो जगभर गेला. लँगनं त्या बाईला नावसुद्धा विचारलं नाही. पोटासाठी त्या कुटुंबानं गाडीचे टायर विकल्याची हकिकत मात्र फोटोबरोबर फिरली. ती बाई म्हणजे फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे लोकांना 1978 मध्ये कळलं, म्हणजे तब्बल 42 वर्षांनी. टायर विकल्याची गोष्ट तिच्या घरच्यांनी साफ नाकारली. विसाव्या शतकातल्या सर्वांत गाजलेल्या फोटोंपैकी हा एक, आणि त्याच्या सोबतची गोष्ट त्या घरातल्या माणसांना आपली वाटली नाही. लँगपाशी निदान सबब होती. ती लांबच्या प्रवासातून घरी परतत होती, तिथं ती थोडाच वेळ थांबली. तुझी सबब काय? स्वारगेटहून अप्परची बस मिळते.

मजकूर कसा असतो ते एकदाच लिहून दाखवतो. सत्तर-ऐंशी शब्दांपुढं जायचं नाही, कारण उभ्यानं कोणी त्याहून जास्त वाचत नाही.

‘बिबवेवाडी, अप्परचा चढ, सकाळ. भाजीची हातगाडी थांबली आहे. माणसाच्या टाचा टेकल्या आहेत आणि शाळेच्या गणवेशातला मुलगा मागच्या चाकाला दगड लावतो आहे. दगड दोरीनं गाडीलाच बांधलेला आहे. चौकटभर तिरका गेलेला रस्ता गाडीला मागं ओढतो. माणसाच्या हाताची सावली मुलाच्या पांढऱ्या शर्टावर पडते. मुलाची नजर मात्र वर, चौकटीतून बाहेर पडणाऱ्या शाळेच्या बुटांकडे आहे.’

बघ, ‘कष्ट’ नाही, ‘जीवन’ नाही, ‘संघर्ष’ नाही. प्रत्येक वाक्य बोट ठेवून तपासता येतं. दोरी वाचली की माणूस दोरी शोधायला पुन्हा चित्रात जाईल. मुलाला उशीर होतोय का, हे त्याचं त्याला सुचेल. तू सांगायचं नाहीस, तुला ते माहीतही नाही. आणि नातं मी लिहिलेलं नाही, कारण ते चित्रात नाही.

ती जागा तुला भरायची आहे. उद्या सकाळी, माल वर यायच्या वेळेला, लहान प्रिंट घेऊन त्या चढावर जा. त्या माणसाला प्रिंट दे. मूल कोण, दगड कधीपासून बांधलेला आहे, हे विचार. हा फोटो भिंतीवर लावणार आहे, चालेल का, हेही विचार. मूल अल्पवयीन आहे, त्याच्या घरच्यांचा होकार नसेल तर फोटो लागणार नाही, मग तो कितीही चांगला असो. ते म्हणतील तेवढंच लिहायचं. नाव नको म्हणाले तर नाव नाही. नातं सांगितलं तर एका वाक्यात लिही, आणि त्याला विशेषण लावू नकोस.

आणि ‘वेळ नाही’ म्हणून मला फोन करू नकोस. त्या एका फोटोसाठी तू पहाटे उठून तिथं पोचला होतास. वेळ तुझ्याकडे आहे. समोरच्या माणसाशी बोलायची टाळाटाळ आहे, आणि तिला तू कलेचं नाव दिलंयस. ती सोड. उद्या संध्याकाळपर्यंत दुरुस्त प्रिंट आणि नवा मजकूर माझ्या टेबलावर हवा. तोवर तुझी भिंतीवरची जागा मी रिकामी ठेवतोय, दुसऱ्या कोणाला देत नाही.