कंस तसेच राहू द्या

सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांची दहावीची परीक्षा कोल्हापूर विभागीय मंडळ घेतं. गणित भाग 2 च्या प्रश्नपत्रिकेत एक सूचना असते. रचनेच्या खुणा स्पष्ट दिसाव्यात आणि त्या पुसू नयेत, असं ती सांगते. मला ही सूचना फार मोलाची वाटते. मुलांना स्वच्छ वहीचं कौतुक असतं. आकृती पुरी झाली की हात आपोआप खोडरबराकडे जातो, आणि कर्कटकाने काढलेले कंस नाहीसे होतात. उरते ती फक्त देखणी आकृती. ती बरोबर आहे की नाही, हे मग तिच्याकडे बघून कळत नाही. घरात दहावीचं मूल असेल तर आज कामाला निघण्यापूर्वी त्याची वही मागा आणि एकच आकृती बघा, वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून काढलेल्या स्पर्शिकांची. भौमितिक रचना या चौथ्या प्रकरणात ती हमखास सापडेल.

समजा, वर्तुळाची त्रिज्या 3 सेमी आहे, केंद्र O. बाहेरचा बिंदू P केंद्रापासून 5 सेमी दूर आहे. आधी OP जोडायचा आणि त्याचा लंबदुभाजक काढायचा. त्यासाठी कर्कटकात अर्ध्यापेक्षा जास्त, म्हणजे 4 सेमी अंतर घेऊ. O वर टोक ठेवून वर-खाली कंस काढायचे, मग तेच अंतर ठेवून P वरून काढायचे. कंस जिथे छेदतात ते दोन बिंदू जोडले की OP चा मध्यबिंदू M मिळतो. आता M केंद्र आणि OM त्रिज्या घेऊन दुसरं वर्तुळ काढायचं. ते पहिल्या वर्तुळाला A आणि B मध्ये छेदतं. PA आणि PB या स्पर्शिका. OP हा दुसऱ्या वर्तुळाचा व्यास असल्यामुळे A पाशी होणारा कोन अर्धवर्तुळातला, म्हणून काटकोन. आणि काटकोन आहे म्हणजे पायथागोरसने लांबीही सांगता येते: 25 वजा 9, उरले 16, म्हणून PA बरोबर 4 सेमी भरायला हवी.

कुणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला? पट्टी P वर ठेवावी, वर्तुळाला टेकवावी आणि रेघ ओढावी. अशी रेघ दिसते अगदी स्पर्शिकेसारखीच, आणि अडचण तिथेच आहे. स्पर्शबिंदूपासून 2 मिमी सरकलं तरी या वर्तुळात आणि स्पर्शिकेत मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी फट असते. 5 मिमी सरकलं तर ती जेमतेम 0.4 मिमी होते. पेन्सिलची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली, तर जवळपास सेंटिमीटरभर रेघ आणि वर्तुळ एकमेकांत मिसळूनच जातात. त्यातला नेमका कुठला बिंदू स्पर्शाचा, हे कितीही तीक्ष्ण डोळ्याला सांगता येणार नाही. दुसरं वर्तुळ मात्र पहिल्याला चांगलं 53 अंशांच्या कोनात छेदतं. तिथे फुली उमटते आणि बिंदू ठळक मिळतो. खोडरबराने तीच फुली पुसली, तर अंदाजाने काढलेली आणि रचनेने काढलेली स्पर्शिका यांत फरक दाखवणारं कागदावर काही उरत नाही.

कंस शाबूत असले तरी ते वाचावे लागतात. सगळ्यात जास्त घडणारी चूक म्हणजे कर्कटकाचा स्क्रू सैल असणं. O वरून कंस 4 सेमीचे निघाले, आणि टोक P वर नेता नेता अंतर 4.2 झालं. फक्त 2 मिमी. कंस तरीही छेदतात, छेदनबिंदू जोडले तर रेघ OP ला काटकोनातच येते. कोनमापक लावून बघणारा समाधानाने पान उलटतो. पण ती रेघ मध्यावर नसते, O च्या बाजूला 1.6 मिमी सरकलेली असते. तिथून पुढे OM त्रिज्येनेच वर्तुळ काढलं तर A आणि B दोन्ही चुकतात, तेही अगदी सारखे. म्हणून PA आणि PB मोजून दोन्ही समान भरतात, एवढ्यावरून खात्री धरू नये. त्या समान भरतील, पण 4 च्या जागी 3.84 सेमी. कोन OAP मोजला तर 93 अंश येईल. आणि ही खोटी स्पर्शिका A च्या पुढे वाढवली तर ती वर्तुळात 3 मिमी लांबीची जीवा कापते, तीही इतकी उथळ की केसाची जाडीसुद्धा तिच्याहून जास्त भरेल. डोळ्याला ती पकडता येणं शक्यच नाही.

पकडायला सोपी जागा वेगळीच आहे. पुष्कळ मुलं दुसरं वर्तुळ पूर्ण काढत नाहीत. A आणि B पाशी दोन छोटे कंस मारतात आणि पुढे जातात. रचना म्हणून ते चालतं. पण त्याच अंतराने, टोक M वरून न हलवता, O वर आणि P वर एकेक बारीक कंस मारायला सांगा. M खरा मध्यबिंदू असेल तर दोन्ही कंस त्या दोन बिंदूंतून जातील. वरच्या उदाहरणात P वरचा कंस 3 मिमीहून जास्त अलीकडे पडला असता आणि चूक स्पर्शिका काढण्याआधीच उघडी पडली असती. शिवाय हा जास्तीचा कंसही पुसायचा नाही. वही तपासणाऱ्या बाईंना किंवा सरांना त्यावरूनच कळतं की मुलाने स्वतः पडताळून बघितलंय.

एका ठिकाणी मात्र कंसांवर सगळा भार टाकता येत नाही. P वर्तुळाच्या फार जवळ असला, समजा केंद्रापासून 3.4 सेमीवर, तर दोन वर्तुळं 28 अंशांच्या तिरप्या कोनात छेदतात. अर्ध्या मिलिमीटरच्या दोन रेघा तिथे एकमेकींवर 2 मिमी लांबीचा डाग करतात. आधीच्या आकृतीत तो डाग जेमतेम 1 मिमीचा होता. अशा वेळी शिसाला चांगलं टोक करावं, डागाचा मध्य A धरावा आणि पट्टी लावावी. 3.4 चा वर्ग 11.56, त्यातून 9 गेले की 2.56 उरतात. PA आणि PB दोन्ही 1.6 सेमी भरल्या पाहिजेत. एक 1.5 आणि दुसरी 1.7 भरली, तर डागातला बिंदू निवडताना हात चुकलाय किंवा M हा OP वर नाही. दोन्ही सारख्याच कमी किंवा सारख्याच जास्त भरल्या, तर परत जाऊन OM आणि MP मोजायचे.